सा कुठे आहे ते आधी लिहा

सरगममध्ये लिहिलेल्या भजनाच्या चालीला स्वतःची पट्टी नसते. वहीत ‘सा रे ग म’ लिहिलं की ते काळी एकला जितकं खरं, तितकंच पांढरी चारला. एखाद्या दिवशी बुवांचा आवाज बसलेला असला तर पेटीवाला निमूटपणे एक पट्टी खाली सरकतो, वहीतलं एक अक्षरही बदलावं लागत नाही. स्टाफ नोटेशनचं नेमकं उलटं आहे. पाच रेषांवरचा प्रत्येक ठिपका पियानोवरच्या एका ठरावीक पट्टीकडे बोट दाखवतो. मात्र त्यातला सा कोणता, हे त्या पाच रेषा कुठेच सांगत नाहीत. एका लिपीतून दुसरीत जाताना ज्या चुका होतात, त्यातल्या बऱ्याचशा या एकाच फरकातून येतात.

आपल्या गोव्यात या दोन्ही लिप्या पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी राहिल्या आहेत. चर्चच्या शाळांमधून मुलं व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन शिकत आली. मुंबईच्या सिनेमासंगीतात संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवून वादकांपुढे ठेवणारे कितीतरी लोक गोव्याचेच होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा ही त्यातली मोठी नावं. आणि त्याच गावांतल्या देवळांत सप्ताहाला बुवांपुढे जी वही उघडी असते, तिच्यात असते सरगम, तीही बहुधा नुसती खुणेपुरती. आता माझ्या भाचीसारखी मुलं व्हायोलिनच्या ग्रेडच्या परीक्षा देतात, स्टाफ नोटेशन वर्तमानपत्रासारखं वाचतात, पण मंडळाची वही पुढे ठेवली की म्हणतात, “मामा, यातला पहिला सूर नक्की कुठला?” प्रश्न बरोबर आहे. तिला भजनाला साथ करायची होती, म्हणून आमच्या वहीतली एक साधी नामगजराची चाल आम्ही दोघांनी मिळून रेषांवर उतरवली. तीच इथे पायरीपायरीने दाखवतो.

शब्द म्हणजे फक्त देवाचं नाव, पांडुरंगा विठ्ठला. ठेका आठ मात्रांचा. चाल काफी थाटातली, म्हणजे ग आणि नि हे दोन्ही स्वर कोमल आणि बाकीचे शुद्ध. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. इथे ती छापत नाही. खाली जिथे ग किंवा नि दिसेल तिथे तो कोमलच समजा. शेवटच्या नि खालचा ठिपका म्हणजे मंद्र सप्तक. उभी रेघ समेच्या आधी घातली आहे.

सा रे ग म | प – धप म ग – रे नि़ | सा – – –

पां डु रं ऽ | गा ऽ ऽऽ ऽ वि ऽ ट्ठ ऽ | ला ऽ ऽ ऽ

सुरुवात पाचव्या मात्रेवर आहे, ‘गा’ समेवर येतो. ‘धप’ जोडून लिहिले आहेत, म्हणजे दोन्ही स्वर मिळून एक मात्रा. शेवटचा सा चार मात्रा थांबतो आणि लगेच पाचव्या मात्रेवर पुन्हा ‘पांडुरंगा’.

पहिलं काम म्हणजे सा कुठे धरायचा ते ठरवणं. आमचे बुवा गातात काळी एकला, म्हणजे पाश्चात्त्य भाषेत सी शार्प. तिथून काफीचे सात स्वर मोजले तर सी शार्प, डी शार्प, ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प आणि बी असे येतात. पाच शार्प झाले. बारा वर्षांच्या मुलीपुढे हे पान ठेवायचं म्हणजे तिला पळवून लावणं. त्याऐवजी फक्त एक पट्टी वर, पांढरी दोनला म्हणजे डीला सा धरला, की चित्र पार बदलतं. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मिळून मोजायच्या. सापासून दुसरी पट्टी रे, तिसरी कोमल ग, पाचवी म, सातवी प, नववी शुद्ध ध, दहावी कोमल नि. डीपासून असं मोजलं की ई, एफ, जी, ए, बी, सी मिळतात. एकही काळी पट्टी नाही. शिवाय डी आणि ए या व्हायोलिनच्या दोन मोकळ्या तारा आहेत, म्हणजे सा आणि प दोन्ही बोट न ठेवता वाजतात.

मग बुवांच्या काळी एकचं काय? भाचीने व्हायोलिनच्या चारही तारा एका पट्टीने उतरवल्या आणि पान डीचंच ठेवलं. ती डी वाचते, वाजतो सी शार्प. आपल्याकडचे व्हायोलिनवाले गायकाच्या सुरात तारा लावतातच, तेव्हा यात नवीन काही नाही. तिच्या सरांना मात्र ते फारसं रुचलं नाही. कागदावर एक आणि कानात दुसरं, याची सवय लागू नये असं त्यांचं म्हणणं, आणि तेही समजण्यासारखं आहे.

आता रेषांवर जागा. ट्रेबल क्लेफमध्ये डी सगळ्यात खालच्या रेषेला खालून चिकटून बसतो. ई त्या पहिल्या रेषेवर, एफ तिच्यावरच्या मोकळ्या जागेत, जी दुसऱ्या रेषेवर, ए दुसऱ्या मोकळ्या जागेत, बी मधल्या रेषेवर. मंद्र नि म्हणजे डीच्या खालचा सी. तो पाच रेषांच्या बाहेर पडतो, म्हणून त्याला स्वतःची छोटी रेघ द्यावी लागते. जुन्या वहीतून उतरवत असाल तर इथे सावध राहा. भातखंडे पद्धतीत ठिपका स्वराखाली असला तर मंद्र आणि डोक्यावर असला तर तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत मंद्र स्वराचा ठिपका डोक्यावर असतो आणि तार सप्तकाला उभी रेघ. आजोबांची वही पलुस्करांच्या परंपरेतली असली आणि तुम्ही ती भातखंड्यांच्या चष्म्यातून वाचली, तर खालचा नि थेट वर जाऊन बसेल. ओळखायचं सोपं आहे. साध्या भजनात चाल शेजारच्या स्वरांवरून चालते. रे वरून एकदम सात-आठ स्वरांची उडी दिसली तर आधी वहीची पद्धत तपासा.

लयीचा प्रश्न याहून नाजूक आहे. एक मात्रा म्हणजे कोणती खूण? अनेक जण सवयीने मात्रेला क्रॉचेट देतात. मग चार-चारच्या एका बारमध्ये चारच मात्रा मावतात आणि एका आवर्तनाचे दोन बार होतात. वाचणाऱ्याला दोन्ही बारच्या उभ्या रेषा सारख्याच दिसतात. त्यातली सम कुठली आणि खाली कुठली, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून मी मात्रेला क्वेव्हर देतो. चार-चारच्या बारमध्ये आठ क्वेव्हर बसतात, म्हणजे एक बार बरोबर एक आवर्तन, आणि बारची प्रत्येक उभी रेषा म्हणजे सम. मग दोन मात्रांचा प क्रॉचेट होतो, चार मात्रांचा शेवटचा सा मिनिम होतो आणि एका मात्रेतले ध आणि प हे दोन सेमीक्वेव्हर.

पण आपली चाल पाचव्या मात्रेवर उठते. पहिले चार स्वर नेहमीप्रमाणे बारच्या सुरुवातीपासून मांडले तर ‘पां’ समेवर जाऊन बसतो आणि ‘गा’ खालीवर. कागदावर काहीच बिघडलेलं दिसत नाही. पखवाजवाला सोबत बसला की मात्र त्याचं आणि व्हायोलिनचं आवर्तन अर्ध्याने हुकतं. व्हायोलिन पहिल्या सुरावर जोर देतं, तो जोर द्यायला ‘गा’ची वाट पाहत असतो. उपाय असा की पहिला बार अपुराच ठेवायचा, फक्त चार क्वेव्हरचा. शेवटच्या बारमध्येही चारच क्वेव्हरचा सा आहे. पुनरावृत्तीची खूण घातली की ते अर्धं आणि हे अर्धं मिळून एक आवर्तन पूर्ण होतं. नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा अपुऱ्या पहिल्या बारला पिकअप मेझर म्हणतात. तो पर्याय नवीन पान उघडतानाच निवडावा, मागाहून बार सरकवत बसणं कंटाळवाणं होतं.

आणखी एक छोटी गोष्ट, पण कानाला लगेच टोचणारी. सरगममधली आडवी रेघ म्हणजे थांबणं नव्हे, आधीचा स्वर लांबवणं. स्टाफ शिकलेली मुलं तिथे हटकून विश्रांतीची खूण घालतात. मग ‘पांडुरंगा’ म्हणताना ‘गा’ एका मात्रेत तुटतो आणि व्हायोलिनचा बो उचलला जातो. खरंच गप्प राहायचं असेल तरच विश्रांतीची खूण, एरवी स्वर लांब. आणि ‘रं’ हे एकच अक्षर ग आणि म या दोन स्वरांवर पसरलं आहे, तेव्हा त्या दोघांवर जोडणारी कमान द्यायची.

या पानावर पाच रेषा काढता येत नाहीत, पण एबीसी नावाची एक साधी लिपी आहे जी कीबोर्डवर टाइप करता येते आणि फुकट मिळणारे प्रोग्रॅम तिचं स्टाफ नोटेशन करून दाखवतात. आपली चाल तिच्यात अशी:

```
X:1
T:Panduranga Vitthala (Sa = D)
M:4/4
L:1/8
K:DDor
|: DE(FG) | A2 B/A/G F2 EC | D4 :|
```

`L:1/8` म्हणजे एक अक्षर एक क्वेव्हर, आपली एक मात्रा. `A2` म्हणजे दोन मात्रांचा प, `B/A/` म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे ध आणि प, कंसातली अक्षरं म्हणजे कमान. शीर्षकात कंसात जे लिहिलं आहे, ‘सा म्हणजे डी’, ते मी कधीच गाळत नाही. का, ते आता उलट्या प्रवासात दिसेल.

समजा हे पान तुम्हाला वर काहीही न लिहिता मिळालं, आणि त्यावरून सरगम करायची आहे. क्लेफच्या शेजारी ना शार्प ना फ्लॅट. परीक्षेला बसणारा कुठलाही मुलगा म्हणेल, कोरी की सिग्नेचर म्हणजे सी मेजर, म्हणजे सा सीवर. भाचीच्या एका मैत्रिणीने नेमकं हेच केलं आणि तिला मिळालेली सरगम अशी होती:

रे ग म प | ध – निध प म – ग सा | रे – – –

सगळे स्वर शुद्ध. गंमत म्हणजे ही सरगम नुसती वाजवून पाहिली तर चूक कळत नाही. सी ला सा धरून वाजवा, अगदी तेच सूर निघतील, तीच चाल ऐकू येईल. कारण सुरांमधली अंतरं तीच आहेत. बिघाड उघडा पडतो तो तानपुरा लावल्यावर. तानपुरा सी वर लावला की प्रत्येक ओळ रे वर जाऊन लोंबकळते. जणू कुणी वाक्य अर्धवट सोडून उठून गेलं. मूळ चालीतला ‘ला’ घरी येऊन टेकतो, इथे तो दारातच उभा राहतो. आणि बुवांनी या सरगमवरून आपल्या काळी एकच्या साने गायलं, तर सगळी चाल एका पूर्ण स्वराने वर जाते आणि पेटीवर धरलेल्या सा-पशी तिचं काही नातंच उरत नाही.

तेव्हा सा शोधायचा तो की सिग्नेचरमध्ये नाही, चालीत. मी तीन गोष्टी बघतो. ओळ शेवटी कुठे टेकते, कोणत्या स्वरावर सगळ्यात लांब मुक्काम आहे आणि धृपदाकडे परत येताना चाल कुठे विसावते. आपल्या उदाहरणात शेवटचा चार मात्रांचा स्वर डी आहे. सी फक्त एकदा येतो, तोही आठव्या मात्रेवर, डीकडे जाताजाता. एवढं पाहिल्यावर शंका उरत नाही. तरीही खात्री हवी असेल तर मोबाइलवर तानपुरा लावून दोन्ही सांवर चाल गाऊन पाहा. अर्धा मिनिट लागतं. क्वचित एखादी चाल प वर किंवा ग वर संपते, तेव्हा पहिली कसोटी फसवते आणि हा तानपुराच निकाल देतो.

एकदा सा सापडला की की सिग्नेचर उपयोगी पडते, थाट ओळखायला. सिग्नेचर ज्या मेजर स्केलची आहे त्या स्केलचा पहिला स्वर सा असेल तर बिलावल, दुसरा असेल तर काफी, तिसरा असेल तर भैरवी. चौथा म्हणजे कल्याण, पाचवा खमाज आणि सहावा आसावरी. कोऱ्या सिग्नेचरमध्ये डी हा सी मेजरचा दुसरा स्वर, म्हणून काफी. हीच चाल कुणी सी ला सा धरून लिहिली तर क्लेफपाशी दोन फ्लॅट दिसतील, बी आणि ई. वाचणारा म्हणेल बी फ्लॅट मेजर. पण ओळ टेकेल सी वर, आणि सी हा त्या स्केलचा दुसरा स्वर. पुन्हा काफीच.

हे कोष्टक सगळीकडे चालत नाही. पहाटेच्या काकड्याच्या चालींत भैरव पुष्कळदा भेटतो. त्यात रे आणि ध कोमल, पण ग आणि नि शुद्ध. शार्प-फ्लॅटच्या ठरलेल्या क्रमातून ही जोडी कुठल्याच सिग्नेचरमध्ये बसत नाही. डी ला सा धरला तर ई आणि बी फ्लॅट हवेत, आणि एफ आणि सी शार्प. अशा वेळी मी सिग्नेचर कोरी ठेवतो आणि फ्लॅट-शार्प स्वरापाशीच घालतो. पान थोडं काटेरी दिसतं, पण वाचणारा फसत नाही. काही जण सा डी आहे म्हणून क्लेफपाशी डी मेजरचे दोन शार्प घालून ठेवतात आणि प्रत्येक कोमल स्वरापाशी ते रद्द करत जातात. त्यात एखादं रद्दचिन्ह राहून गेलं की काफीत मध्येच शुद्ध ग वाजतो. कान तयार असलेल्याला ते क्षणात कळतं, पण कागदावर नजर ठेवून वाजवणाऱ्या मुलाला कळत नाही.

राहता राहिले बुवांच्या गळ्यातले कण. ‘विठ्ठला’चा ‘वि’ ते कोमल ग वर लावतात, पण तो सरळ कधीच येत नाही, म ला निसटता स्पर्श करून येतो. भातखंडे पद्धतीत असा कण मुख्य स्वराच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहितात. स्टाफमध्ये त्याला छोटा, तिरकी रेघ मारलेला स्वर देता येतो, आणि तेवढं भागतं. मींडेचं काम अवघड. जोडणारी कमान देता येते, पण व्हायोलिन शिकलेल्याला ती कमान ‘एका बोमध्ये वाजव’ एवढंच सांगते, ‘घसरत जा’ असं नाही. त्यासाठी दोन स्वरांमध्ये सरळ तिरकी रेघ ओढलेली बरी. पण हे सगळं मी पहिल्या पानावर घालत नाही. आधी सरळ चाल, ती ठेक्यात नीट बसली की दुसऱ्या प्रतीत कण. बुवा रोज तो कण थोडा वेगळा लावतात हेही आहेच. भाचीने एकदा विचारलं, “यातला कुठला लिहू?” बुवा म्हणाले, “पोरी, आज लावला तो लिही. उद्याचा उद्या बघू.” तिच्या प्रतीत तो कण अजून पेन्सिलनेच आहे.